बारापैकी अकरा : डॅशबोर्डवरचा आकडा नेमका कशाचा?

एका जिल्हा दूध संघाची आढावा बैठक. भिंतीवर डॅशबोर्डचं पान लावलेलं आहे. वरच्या चौकटीत मोठ्या अक्षरांत २,२१,००० हा आकडा, खाली बारीक अक्षरांत 'कालचं संकलन, लिटर'. शेजारी उद्दिष्ट २,३८,००० आणि त्याच्यापुढे लाल रंगात ९३ टक्के. आणखी एका चौकटीत सरासरी फॅट ४.५८. महिना मे. त्यामुळे बैठकीत कुणालाच नवल वाटत नाही. उन्हानं जनावरं बेजार आहेत, हिरवा चारा संपत आला आहे. अशा दिवसांत दूध आटतं आणि फॅटही थोडी उतरते. तूट भरून काढायला बाहेरून दहा-दहा हजार लिटरचे दोन टँकर मागवायचं ठरतं आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळते.

प्रत्यक्षात त्या दिवशी संघात २,४०,००० लिटर दूध आलेलं होतं आणि सरासरी फॅट ४.७० होती. दूध कमी झालेलं नव्हतं. पानावर बारापैकी अकराच शीतकरण केंद्रांचं दूध मोजलं जात होतं.

हे उदाहरण समजावण्यासाठी रचलेलं आहे आणि आकडे हिशोबाला सोपे पडावेत असे घेतले आहेत. पण त्यातली प्रत्येक पायरी आज वापरात असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये अशीच घडते. दुधाच्या जागी शाळांची पटसंख्या, दवाखान्यातले रुग्ण किंवा बँकेच्या शाखांची वसुली घातली तरी गोष्ट तीच राहते.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी केंद्र क्रमांक ७ ची माहिती इंटरनेट बंद असल्यामुळे वेळेवर आली नव्हती. सरासरी बघताना ते अपुरे आकडे मध्ये येऊ नयेत म्हणून संकलन अधिकाऱ्यांनी केंद्रांच्या यादीतली सातव्या केंद्रापुढची खूण काढली. काम झालं, त्यांनी पान बंद केलं. दुसऱ्या दिवशी तेच पान त्यांच्याच लॉगिननं बैठकीत उघडलं गेलं. पॉवर बीआयसारख्या सेवेत वाचकानं लावलेले फिल्टर त्याच्यापुरते लक्षात ठेवले जातात. अहवाल बनवणाऱ्यानं ती सोय बंद केली नसेल, तर पान पुन्हा उघडल्यावर तो जिथं सोडून गेला होता तिथूनच सुरू होतं. फिल्टरची यादी उजवीकडच्या मिटलेल्या पट्टीत होती. पडद्यावर आकडा दिसत होता, त्याच्यामागची अट दिसत नव्हती. त्याच वेळी कार्यकारी संचालकांनी आपल्या लॉगिननं तेच पान उघडलं असतं, तर त्यांना २,४०,००० दिसले असते. पान एक, आकडे दोन, आणि दोन्ही आपापल्या अटीत बरोबर.

सातव्या केंद्राचं दूध १९,००० लिटर, म्हणजे एकूण दुधाच्या जेमतेम आठ टक्के. या गोंधळातला खरा धोका या आठ टक्क्यांत आहे. फिल्टरमुळे आकडा निम्म्यावर आला असता, तर कुणीतरी लगेच ओरडलं असतं. आठ टक्क्यांची घट मात्र पटते, कारण तिच्यासाठी कारण आधीच तयार असतं. त्यात सातव्या केंद्रावर म्हशीचं दूध जास्त, १९,००० पैकी १५,०००. गाईच्या दुधाची फॅट ३.७ आणि म्हशीच्या दुधाची ६.७ धरली, तर म्हशीचं एवढं दूध बाजूला पडल्यावर उरलेल्या दुधाची सरासरी आपोआप ४.७० वरून ४.५८ वर उतरते. म्हणजे दूधही घटलेलं दिसलं आणि फॅटही. दोन वेगळे पुरावे एकमेकांना दुजोरा देत आहेत असं वाटलं. खरं तर दोन्हींचं मूळ एकाच काढलेल्या खुणेत होतं.

आता उद्दिष्टाकडे बघा. संघाचं २,३८,००० लिटरचं उद्दिष्ट सगळ्या बारा केंद्रांचं मिळून ठरवलेलं आणि वेगळ्या तक्त्यात एकाच ओळीत लिहिलेलं आहे. त्याची केंद्रवार फोड केलेली नाही, त्यामुळे केंद्राचा फिल्टर त्याला लागतच नाही. भागाकार करताना वर अकरा केंद्रांचं दूध आलं आणि खाली बारा केंद्रांचं उद्दिष्ट. लाल ९३ टक्के हा आकडा त्यातून जन्माला आला. एका पानावरच्या काही चौकटी फिल्टर मानतात आणि काही मानत नाहीत, ही परिस्थिती अगदी सर्रास असते. टॅब्लो या सॉफ्टवेअरमध्ये नव्यानं लावलेला फिल्टर मुळात त्या एकाच तक्त्यापुरता असतो. तो बाकीच्या तक्त्यांना लावायचा की नाही हे बनवणाऱ्यानं वेगळं सांगावं लागतं. वाचकाला मात्र वरती एक फिल्टर दिसतो आणि तो साहजिकच धरून चालतो की खालचं सगळं त्याच्याच हुकमतीत आहे.

बैठकीत एका गोष्टीकडे लक्ष गेलं असतं, तर हे तिथंच उघडं पडलं असतं. पानाच्या खालच्या भागात गेल्या तीस दिवसांच्या संकलनाचा आलेख होता आणि ती रेषा जवळजवळ सपाट होती. फिल्टर फक्त कालच्या दिवसाला लागत नाही, मागच्या सगळ्या दिवसांना लागतो. सातवं केंद्र कालच्या आकड्यातून जसं गेलं, तसं परवाच्या आणि महिन्यापूर्वीच्या आकड्यातूनही गेलं. म्हणून आलेखात घट दिसत नाही. ती दिसते आठवणीतल्या, कागदावरच्या किंवा उद्दिष्टाच्या आकड्याशी तुलना केल्यावर. यातून एक साधी पारख मिळते. संशय आला की गेल्या आठवड्यात छापलेल्या अहवालातला एखाद्या दिवसाचा आकडा घ्यावा आणि आज डॅशबोर्डवर त्याच दिवसाचा आकडा किती दिसतो ते पाहावं. दूध खरंच घटलं असेल, तर जुना दिवस जुळेल. फिल्टर मध्ये आला असेल, तर जुना दिवसही तेवढाच कमी दिसेल. नोंदींत मागाहून दुरुस्ती झाली असेल तरी जुना आकडा थोडा हलतो, पण ती हालचाल सगळ्या दिवसांना सारख्याच प्रमाणात क्वचितच होते.

दुसरी पारख मुख्य डेअरीच्या दारात आहे. टँकर वजनकाट्यावरून आत येतो आणि तिथली नोंद किलोत होते. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं, तेव्हा त्या दिवशी काट्यावर सुमारे २,४७,२०० किलो नोंदले गेले असणार. डॅशबोर्डवर २,२१,००० लिटर आणि काट्यावर २,४७,२०० किलो. दोन आकडे कधीच सारखे नसतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि 'किलो-लिटरचा फरक' म्हणून विषय मिटतो. तिथं १.०३ नं भागायचे कष्ट घेतले की २,४०,००० येतात आणि १९,००० लिटरचं अंतर समोर उभं राहतं. डॅशबोर्डशी संबंध नसलेली अशी एखादी स्वतंत्र बेरीज कोणत्याही कार्यालयात हाताशी असली पाहिजे.

हा गोंधळ डॅशबोर्डसोबत आलेला नाही. एक्सेल वापरणाऱ्या प्रत्येकानं तो पाहिलेला आहे. एक्सेलमध्ये फिल्टर लावला की डावीकडचे ओळींचे क्रमांक निळे होतात, शीर्षकातल्या बाणाच्या जागी गाळणीचं छोटं चिन्ह येतं आणि फिल्टर लावल्याबरोबर खालच्या पट्टीत किती नोंदींपैकी किती उरल्या ते उमटतं. खुणा तीन, पण तिन्ही आकड्यापासून दूर. बेरजेची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. बारा केंद्रांचं दूध B2 ते B13 या घरांत असेल आणि सातवं केंद्र फिल्टरनं लपवलं असेल, तर पुढची दोन सूत्रं दोन वेगळी उत्तरं देतात :

```
=SUM(B2:B13)
=SUBTOTAL(109,B2:B13)
```

पहिलं लपलेली ओळही धरतं आणि २,४०,००० सांगतं. दुसरं फक्त दिसणाऱ्या ओळी मोजतं आणि २,२१,००० सांगतं. दोन्ही उपयोगी आहेत. पण घरात दिसतो तो नुसता आकडा. तो कोणत्या सूत्रानं आला हे त्या घरावर जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

आकडा एकीकडे आणि त्याची अट दुसरीकडे असली की काय होऊ शकतं, याचं एक दुःखद उदाहरण विमानवाहतुकीत आहे. २० जानेवारी १९९२ च्या संध्याकाळी लियॉंहून स्ट्रासबर्गला निघालेलं एअर इंटरचं ए-३२० विमान उतरण्याच्या तयारीत असताना डोंगरावर आदळलं आणि त्यातल्या ९६ जणांपैकी ८७ जण गेले. विमान हवं त्यापेक्षा फार वेगानं खाली येत होतं. चौकशीत जी कारणं संभाव्य म्हणून पुढे आली, त्यांतलं एक असं : वैमानिकांना ३.३ अंशांच्या कोनात उतरायचं होतं, पण यंत्रणा उतरण्याचा वेग मोजण्याच्या अवस्थेत होती आणि त्यांनी दिलेले अंक तिनं मिनिटाला ३,३०० फूट असे घेतले. एका अवस्थेत खिडकीत -3.3 दिसायचं, दुसऱ्या अवस्थेत -33. कोणती अवस्था चालू आहे ते सांगणारी अक्षरं शेजारीच होती, पण नजर जाते ती आकड्याकडे. नंतर एअरबसनं जी दुरुस्ती केली ती मला फार महत्त्वाची वाटते. वेगाच्या अवस्थेत आकडा चारही अंकांत दाखवायला सुरुवात झाली, म्हणजे कोन आणि वेग यांचे आकडे दिसायलाच वेगळे झाले. इशारा आकड्याच्या शेजारून उचलून आकड्यातच घालण्यात आला.

दूध संघाच्या पानावर हेच करायचं झालं तर मोठ्या आकड्याखालची 'कालचं संकलन, लिटर' ही ओळ बदलावी लागेल. तिथं असं हवं : 'कालचं संकलन, लिटर. १२ पैकी ११ केंद्रं, केंद्र ७ वगळून. दोन्ही सत्रं, गाय आणि म्हैस.' फिल्टर बदलला की ही ओळ आपोआप बदलली पाहिजे. हातानं लिहिलेलं शीर्षक पहिल्या बदलानंतर खोटं ठरतं. आणि जे वगळलं आहे त्याचं नाव तिथं आलं पाहिजे. निवडलेल्या अकरा केंद्रांची नावं ओळीनं मांडली, तर त्यांत बारावं नाही हे कुणीही मोजून पाहणार नाही. माझ्या मते चांगला नियम हा : निवडलेली नावं तीनपर्यंत असतील तर ती लिहा, वगळलेली तीनपर्यंत असतील तर ती लिहा, दोन्ही त्याहून जास्त असतील तर 'इतक्यांपैकी इतकी' असा आकडा द्या आणि त्यावर बोट ठेवलं की पूर्ण यादी उघडू द्या.

उद्दिष्टाच्या चौकटीपुढे दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. एक, उद्दिष्टाची केंद्रवार फोड करून त्यालाही फिल्टर लागू द्यायचा. दुसरा, फिल्टर लागलेला असताना टक्केवारी दाखवायचीच नाही आणि त्या जागी लिहायचं की उद्दिष्ट सर्व केंद्रांचं आहे, या निवडीशी तुलना होत नाही. रिकामी चौकट बनवणाऱ्याला खुपते, पण तिच्यामुळे टँकर मागवले जात नाहीत.

काहीच फिल्टर नसताना ही ओळ ठेवायची की काढायची, यावर पानं बनवणाऱ्यांमध्ये मतभेद आहेत. रोज 'सर्व केंद्रं, दोन्ही सत्रं' वाचून डोळ्यांना सवय होते आणि ज्या दिवशी ती ओळ बदलते त्या दिवशीही ती वाचली जात नाही, असा एक आक्षेप आहे आणि त्यात तथ्य आहे. तरीही मी ती कायम ठेवण्याच्या बाजूचा आहे. ओळच नसली तर तिचा अर्थ दोन्ही होतो : फिल्टर नाही, किंवा फिल्टर आहे पण हे पान सांगत नाही. सवयीवर उपाय म्हणजे पान मूळ स्थितीपासून हललं की ओळीचं रूप बदलणं, पट्टीला गडद पार्श्वभूमी येणं आणि सुरुवातीला 'फिल्टर लागू' हे शब्द येणं. नुसता रंग बदलून भागत नाही, कारण लाल-हिरव्यातला भेद न कळणारे लोक बैठकीत असतात आणि अहवाल काळ्या-पांढऱ्या प्रिंटवरही जातो.

मूळ स्थिती हा शब्द इथं जपून वापरायला हवा. पान पहिल्यांदा उघडताना 'चालू महिना' निवडलेला असेल, तर तोही फिल्टरच आहे. म्हणून पट्टीवर दोन वेगळी बटणं लागतात : 'मूळ स्थितीवर आणा' आणि 'सर्व फिल्टर काढा'. पहिल्यानं चालू महिना परत येतो. दुसऱ्यानं महिन्याची अटही जाते आणि संगणकात असलेल्या सगळ्या वर्षांची बेरीज समोर येते. बऱ्याच पानांवर एकच बटण असतं आणि ते यांतलं कोणतं काम करतं हे दाबल्यावरच कळतं. पॉवर बीआयमधलं रीसेटचं बटण पहिलं काम करतं : अहवाल बनवणाऱ्यानं ठेवलेल्या स्थितीवर नेतं.

मग फिल्टर लक्षात ठेवण्याची सोयच काढून टाकावी का? नको. एका तालुक्याचं काम पाहणाऱ्या पर्यवेक्षकाला रोज सकाळी आपला तालुका नव्यानं निवडायला लावणं हा त्याच्या वेळेचा अपव्यय आहे. पान उघडताना वरती एक ओळ आली तरी पुरतं : 'मागच्या वेळचे फिल्टर लागू आहेत : केंद्र ७ वगळून', आणि तिथंच ते काढायची सोय. संकलन अधिकाऱ्यांनी ती ओळ बैठकीपूर्वी वाचली असती.

आकड्याची अट आकड्याला चिकटलेली हवी, याला आणखी एक अगदी व्यवहारातलं कारण आहे. डॅशबोर्ड क्वचितच पूर्ण पाहिला जातो. कुणीतरी मोबाइलनं एका चौकटीचा फोटो काढतो आणि तो कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो. पानाच्या डोक्यावर कितीही छान पट्टी असली तरी फोटोत ती येत नाही. चौकटीच्या शीर्षकातच 'केंद्र ७ वगळून' असेल, तर ते शब्द आकड्याबरोबर प्रवास करतात. पीडीएफ काढतानाही तपासून पाहावं, कारण फिल्टरची मिटलेली पट्टी छापील प्रतीत साहजिकच येत नाही.

इतकं करूनही काही अटी या पट्टीच्या नजरेतून सुटतात. पॉवर बीआयमध्ये एखाद्या आलेखावरच्या गाळणीच्या चिन्हावर माउस नेला की त्या आलेखावर परिणाम करणाऱ्या फिल्टरांची यादी उघडते आणि ही सोय फार उपयोगी आहे. मात्र अहवाल बनवणाऱ्यानं जो फिल्टर मुद्दाम लपवलेला असतो, तो या यादीतही येत नाही. त्याहून खोल असतो परवानगीचा फिल्टर. पर्यवेक्षकाला फक्त आपली तीन केंद्रं पाहण्याचा अधिकार असेल, तर बाकीची नऊ त्याच्या लॉगिनपुरती अस्तित्वातच नसतात. 'इतक्यांपैकी इतकी' हे वाक्य बनवणारं सूत्र जेव्हा एकूण केंद्रं मोजतं, तेव्हा तेही त्याच परवानगीत अडकलेलं असतं. ते तीनपैकी तीन मोजतं आणि पानावर लिहितं : 'सर्व केंद्रं'. पर्यवेक्षक हे पान पाहून जिल्ह्याचं दूध सांगायला लागला, तर त्याला दोष देता येणार नाही. यावर उपाय आहे. केंद्रांची एकूण संख्या परवानगीच्या कक्षेत न येणाऱ्या वेगळ्या तक्त्यात ठेवायची, त्यात नावं किंवा लिटर काहीच न देता फक्त १२ हा अंक, आणि पट्टीवर लिहायचं : 'तुमच्या परवानगीतली ३ केंद्रं, संघाच्या १२ पैकी'.

सर्वांत अवघड अट असते ती माहिती पानापर्यंत पोचण्याआधीच लागलेली. ब्रिटनमध्ये कोविडच्या पहिल्या लाटेत इंग्लंडचे मृत्यू मोजताना ज्यांची चाचणी कधीही पॉझिटिव्ह आली होती असे सगळे मृत मोजले जात, मग मृत्यू चाचणीनंतर कितीही दिवसांनी आणि कोणत्याही कारणानं झालेला असो. १२ ऑगस्ट २०२० रोजी ही पद्धत बदलली आणि पॉझिटिव्ह चाचणीनंतर २८ दिवसांच्या आत झालेले मृत्यूच मुख्य आकड्यात धरायचं ठरलं. देशाचा एकूण आकडा त्या एका बदलानं ४६,७०६ वरून ४१,३२९ वर आला. पानावर कुणी काहीही निवडलेलं नव्हतं आणि फिल्टरची कोणतीही पट्टी हा फरक पकडू शकली नसती, कारण अट आकड्यांच्या तयारीतच मुरलेली होती. तिथं करता आलं ते इतकंच : त्यानंतर सरकारी डॅशबोर्डवर त्या आकड्याच्या शीर्षकातच '२८ दिवसांच्या आत' हे शब्द आले, आणि ६० दिवसांच्या मुदतीचा दुसरा आकडाही वेगळा प्रसिद्ध होऊ लागला.